पट्टीवरची तारीख कुणी वाचायची?

(द्वितीय वर्ष, कला)

घरात एखादा मुलगा कॉलेजात जाऊ लागला की घरातले सगळे कागद त्याच्यापुढे येऊन पडतात. सातबारा, विजेचे बिल, सोसायटीची नोटीस, बँकेचा मेसेज, सगळे त्यानेच वाचायचे. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. त्यामुळे अण्णांच्या औषधाच्या गोळ्यांची पट्टी वाचण्याचे कामही माझ्याकडेच आले. ते काम मी एकदा चुकीचे केले. ती चूक आपल्यापैकी अनेकांच्या हातून होत असेल, अशी माझी समजूत असल्यामुळे हा लेख लिहीत आहे.

आमचे गाव शिरूर तालुक्यात, भीमेच्या काठच्या बाजूला. मी दौंडला थोरल्या बहिणीकडे राहून शिकतो. चार बहिणींच्या पाठीवर मी झालो, म्हणून माझ्या मित्रांचे वडील पंचेचाळिशीत असताना माझे अण्णा सत्तरीला आले आहेत. त्यांना रक्तदाबाचा त्रास आहे. रोज सकाळी टेल्मिसार्टनची ४० मिलिग्रॅमची एक गोळी आणि दुपारी जेवणानंतर ॲस्पिरिनची ७५ मिलिग्रॅमची एक गोळी, असे डॉक्टरांनी लिहून दिले आहे. आई चौथीपर्यंत शिकली. अण्णा सही करतात, तेवढेच.

मी दौंडला आलो तेव्हा सुरुवातीला आई फोनवर पट्टीवरचे आकडे वाचून दाखवी. त्यात एक मोठी अडचण होती. आईला आकडे येतात ते मराठी, आणि पट्टीवर असतात ते इंग्रजी. इंग्रजी नऊ हा आपल्या मराठी एकासारखा दिसतो आणि इंग्रजी आठ घाईत चारासारखा भासतो. त्यामुळे नवव्या महिन्यात संपणारी गोळी आईच्या तोंडून पहिल्या महिन्यात संपायची. "आरं, आकडं लई बारीक हायेत, आन् चमकत्यात," असे ती म्हणे. शेवटी आम्ही ठरवले की शेजारच्या सहावीतल्या मुलाकडून पट्टीचा फोटो काढून घ्यायचा, मला पाठवायचा, आणि मी "चालेल" म्हटल्याशिवाय गोळी द्यायची नाही. व्यवस्था उत्तम होती. दोष निघाला तो वाचणाऱ्यात.

मे २०२५ मधली गोष्ट. पहिल्या वर्षाची परीक्षा चालू होती. टेल्मिसार्टनची चालू पट्टी संपली म्हणून आईने पत्र्याच्या पेटीतून जुनी, न उघडलेली एक पट्टी काढली आणि फोटो पाठवला. पेपरला जायच्या गडबडीत मी तो पाहिला. पट्टीच्या टोकाला दोन ओळी दाबून उमटवलेल्या होत्या. वरची ओळ ०५/२३ अशी स्वच्छ दिसत होती. खालच्या ओळीत ०४/२ एवढे दिसत होते आणि शेवटच्या आकड्यावर उजेड चमकून पांढरा डाग पडला होता. मी मनाशी म्हटले, वरची बनवल्याची तारीख, खालची संपण्याची, शेवटचा आकडा सहा असणार. आणि उत्तर पाठवले, "चालेल, दे."

तो आकडा सहाच आहे असे मी कशावरून धरले? खरे सांगायचे तर मला तसा हवा होता म्हणून. पण समजा मी शांतपणे विचार केला असता, तरी केवळ विचाराने तो आकडा कळला असता का? इथे एक हिशोब सांगतो, तो उपयोगी आहे. औषधाची मुदत बहुधा पूर्ण वर्षांत धरलेली असते, चोवीस महिने किंवा छत्तीस महिने. आणि संपण्याचा महिना हा पुष्कळदा बनवल्याच्या महिन्याच्या एक महिना अलीकडचा असतो. मे महिन्यात बनलेली गोळी एप्रिल महिन्यात संपते. म्हणून ०५/२३ च्या खाली ०४ दिसल्यावर, वरची तारीख बनवल्याची आणि खालची संपण्याची, एवढे नक्की करता येते. पुष्कळ जण या दोन तारखांतच गोंधळतात, त्यांना या हिशोबाने मदत होईल. परंतु चोवीस महिने धरले तर ०४/२५ येते आणि छत्तीस धरले तर ०४/२६ येते. दोन्ही उत्तरे तितकीच शक्य आहेत. पहिले खरे असेल तर गोळी संपलेली, दुसरे खरे असेल तर वर्षभर चांगली. म्हणजे हिशोब तिथपर्यंत नेतो आणि नेमक्या अडचणीच्या ठिकाणी सोडून देतो. अशा वेळी उत्तर एकच असते : दुसरा फोटो पाठव, तोवर ही गोळी देऊ नकोस.

तीन दिवसांनी पेपर संपले आणि मी चौफुला-न्हावरे मार्गे गावी गेलो. पट्टी हातात घेतली. पत्र्याच्या घरात अंधार होता, म्हणून दारात आलो. तरीही आकडा वळवावा तसा दोन दिसे, पाच दिसे. कारण असे की दाबून उमटवलेला आकडा पट्टीच्या दुसऱ्या बाजूने उलटा उठून दिसतो, आणि इंग्रजी दोन उलटा पाहिला की पाचासारखा वाटतो. मग लहानपणी आपण नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासायचो ते आठवले. सुलट बाजूवर वहीचा पातळ कागद ठेवला आणि शिसपेन्सिल आडवी धरून हलकी फिरवली. आकडे कागदावर उतरले. ०४/२५.

नियमाप्रमाणे पट्टीवर नुसता महिना आणि वर्ष असेल तर औषध त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत चालते. म्हणजे आमची पट्टी ३० एप्रिलला संपली होती आणि अण्णांनी मे महिन्यात त्यातल्या तीन गोळ्या माझ्या शब्दावर घेतल्या होत्या. मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी गोळीचे विष होत नाही, हे मलाही ठाऊक आहे. पण त्या दिवसानंतर गोळीत लिहिल्याइतके औषध आहे, अशी हमी कोणी देत नाही, आणि रक्तदाबाच्या माणसाला अर्धवट गोळी म्हणजे गोळी घेतल्याचे खोटे समाधान. दुसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्यात अण्णांचा रक्तदाब वाढलेला निघाला. तो त्या तीन गोळ्यांमुळेच वाढला असे मी म्हणणार नाही. उन्हाळा होता, त्यांचे जेवणातले मीठही कमी नसते. पण "तुझ्यामुळे नाही" असेही मला कोणी खात्रीने सांगू शकले नाही.

डॉक्टरांनी मात्र एक गोष्ट बजावली. जुनी पट्टी संपलेली निघाली तर नवी आणायची, परंतु "गोळी खराब आहे" म्हणून रक्तदाबाचे औषधच आठवडाभर बंद ठेवायचे नाही. आईची तीच भीती होती. संपलेली गोळी नको म्हटल्यावर ती गुपचूप काहीच न देण्याची शक्यता जास्त. म्हणून फोटो वाचणाऱ्याने "देऊ नकोस" म्हटले की त्याच फोनवर "नवी कुठून आणि आज कशी येईल" हेही सांगितले पाहिजे.

त्या दिवशी मी पेटीतल्या सगळ्या पट्ट्या बाहेर काढल्या, आणि तारखेपलीकडचे दोन प्रश्न समोर आले. पहिला साठवणीचा. टेल्मिसार्टनच्या पट्टीवर बारीक अक्षरांत लिहिले होते : ३० अंश सेल्सिअसपेक्षा कमी तापमानात, उजेड व ओलाव्यापासून दूर ठेवा. आमची पेटी पत्र्याची, तीही पत्र्याच्या छपराखाली. आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यात बाहेरच पारा चाळिशीच्या आसपास जातो. पत्र्याखाली काय होत असेल ते ज्याने तिथे दुपार काढली त्याला सांगायला नको. मला तोपर्यंत वाटे की पट्टीवरची तारीख हे वचन आहे. ते वचन खरेच, पण अटीचे. कारखानदार म्हणतो, मी सांगतो तसे ठेवाल तर या तारखेपर्यंत गोळी चांगली राहील. अट मोडली की तारखेचा आधार सुटतो. मुदत शिल्लक असलेली पट्टीसुद्धा पेटीत दोन उन्हाळे काढून आलेली असू शकते, आणि फोटोत ते दिसत नाही.

दुसरी गोष्ट त्याहून साधी. आईने अण्णांच्या सोयीसाठी आठवड्याच्या गोळ्या पट्टीतून काढून एका प्लॅस्टिकच्या डबीत भरून ठेवल्या होत्या. म्हाताऱ्या बोटांना पट्टी फोडता येत नाही, म्हणून तिने हे प्रेमानेच केले. पण टेल्मिसार्टन हवेतला ओलावा ओढून घेते. म्हणूनच ती पुष्कळदा दोन्ही बाजूंनी ॲल्युमिनियम असलेल्या जाड पट्टीत येते आणि घ्यायच्या वेळीच काढावी असा संकेत आहे. ॲस्पिरिनचे तर नाकाने कळते. डबी उघडली आणि शिर्क्यासारखा आंबट वास आला. ओलावा आणि उष्णता मिळाली की ॲस्पिरिन मोडते आणि त्यातून शिर्क्यातले तेच आम्ल सुटते. तो वास आला की ती गोळी टाकून द्यावी, पट्टीवर तारीख काहीही असो. तेव्हापासून आमच्याकडे गोळ्या पट्टीतच राहतात, आणि पट्टी स्टीलच्या डब्यात माजघरातल्या मातीच्या भिंतीच्या कोनाड्यात. चुलीजवळ नाही, पत्र्याजवळ नाही, खिडकीत नाही. अण्णांना रोजची गोळी आई फोडून देते.

इथे एक गैरसमज सांगतो. "थंड जागी ठेवा" असे वाचून शेजारच्या घरी गोळ्या फ्रीजमध्ये ठेवतात. आपल्या देशाच्या औषध नियमांत "थंड जागा" याचा अर्थ १० ते २५ अंश असा दिलेला आहे. इन्सुलिनसारख्या औषधावर २ ते ८ अंश असे लिहिलेले असते, ते फ्रीजचे. साध्या गोळ्या फ्रीजमधून आत-बाहेर केल्या तर त्यांवर उलट दव धरते.

दुसरा प्रश्न बॅच नंबरचा. हा मी कधी वाचलाच नव्हता. तो दुकानदाराच्या कामाचा, असे वाटे. ऑक्टोबर २०२५ मध्ये डोळे उघडले. मध्य प्रदेशातील छिंदवाडा भागात कोल्ड्रिफ नावाचे खोकल्याचे औषध घेऊन लहान मुले दगावली. तपासणीत त्या औषधात डायएथिलिन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य ४८.६ टक्के निघाले. आपल्या राज्याच्या अन्न व औषध प्रशासनानेही जाहीर इशारा दिला. त्यात औषधाचे नाव होते, आणि सोबत बॅच नंबर होता : एसआर-१३. बनवल्याचा महिना मे २०२५, संपण्याचा महिना एप्रिल २०२७. वाचकांनी या तारखा पुन्हा पाहाव्यात. संपायला दीड वर्ष बाकी असलेल्या बाटलीत विष होते. नुसती तारीख वाचणाऱ्या माझ्यासारख्या मुलाने "चालेल, दे" असेच म्हटले असते. आणि हेच विष १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीनमधून गेले होते आणि चौदा रुग्ण मरण पावले होते, हे त्या निमित्ताने वाचनात आले. ही दोन्ही उदाहरणे पातळ औषधांची आहेत, पण बॅचचा धडा गोळ्यांनाही लागू आहे.

बॅच म्हणजे एका वेळी, एका घाण्यात तयार झालेला माल. आपल्या भागात गुऱ्हाळ पाहिलेल्यांना हे समजावून सांगायला नको. एकाच गुऱ्हाळाचा गूळ, पण एखादी कढई लागली की तेवढ्याच ढेपा काळ्या निघतात. केंद्रीय औषध नियंत्रण संस्था दर महिन्याला दर्जा कमी निघालेल्या औषधांची यादी प्रसिद्ध करते, तीत नाव, कारखानदार, बॅच, दोन्ही तारखा आणि कशात कमी पडले ते कारण असते. यादी पाहताना एक काळजी घ्यावी. नाव, कारखानदार आणि बॅच या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच ती आपली पट्टी. नुसते नाव पाहून घाबरून औषध बंद करणे ही दुसऱ्या टोकाची चूक होय. तिन्ही जुळले तर पट्टी फेकू नये, तोच पुरावा असतो. ती बाजूला ठेवावी आणि दुकानदाराला व अन्न व औषध प्रशासनाला कळवावे.

आता फोटोविषयी थोडे. आमच्या शेजारच्या मुलाला मी असे शिकवले आहे : फ्लॅश बंद. दारात, सावलीत उभे राहायचे. पट्टी एक वीत अंतरावर धरायची, अगदी जवळ नेली की फोटो पुसट येतो. आधी छापलेली पूर्ण बाजू, मग तारखेचे टोक थोडे तिरके करून, मग गोळ्यांची बाजू. व्हॉट्सॲपवर फोटोऐवजी "डॉक्युमेंट" म्हणून पाठवायचे, म्हणजे बारीक अक्षरे विरत नाहीत. आणि दर नव्या पट्टीचा नवा फोटो. मागच्या महिन्याचा फोटो पुढे ढकलायचा नाही. फोटो आला की मी आधी औषधाचे नाव आणि मिलिग्रॅम डॉक्टरांच्या चिठ्ठीशी जुळवतो, मग तारीख, मग साठवण, मग बॅच वहीत उतरवतो. एक आकडाही अंदाजाने भरत नाही.

पट्टी कापून घेतली असेल तर हे सगळे फुकट जाते. आमच्यासारखी माणसे पैशाच्या ओढीने चारच गोळ्या मागतात. दुकानदार कापून देतो आणि तारखेचे टोक बहुधा दुकानातच राहते. त्यावर उपाय म्हणून आई आता दुकानातच तारखेच्या टोकाचा फोटो काढायला लावते, आणि घरी पूर्ण पट्टी असेल तर गोळ्या तारखेच्या विरुद्ध टोकाकडून काढते, म्हणजे शेवटच्या गोळीपर्यंत तारीख शाबूत राहते.

येथे मला माझे मत स्पष्ट मांडायचे आहे. ही सारी धडपड ज्यांना करावी लागते, त्यांच्यासाठी ही पट्टी लिहिलेलीच नाही. ती लिहिलेली आहे तपासनीसासाठी आणि दुकानदारासाठी. १ ऑगस्ट २०२३ पासून तीनशे औषधांवर एक चौकोनी कोड छापणे सक्तीचे झाले, तो मोबाइलने वाचला की नाव, बॅच, दोन्ही तारखा दिसतात. चांगली गोष्ट आहे. पण पट्टीवर जागा नसेल तर तो बाहेरच्या खोक्यावर छापण्याची मुभा आहे, आणि एक पट्टी घेणाऱ्याच्या हाती खोके कधी येते? कोणी म्हणेल, औषध साऱ्या देशात जाते, प्रत्येक भाषेत आकडे कसे छापणार? हे मला मान्य आहे. मग निदान तारीख शाईने, काळी आणि ठळक छापा, चमकत्या पत्र्यावर बिनरंगी दाबू नका. आणि ती पट्टीच्या दोन्ही टोकांना छापा, म्हणजे कापल्यावर एक तरी हाती राहील. यासाठी नवा शोध लागत नाही, थोडी शाई लागते.

ते होईपर्यंत वाचायचे काम आपल्याकडेच आहे. या महाविद्यालयात शिरूर-दौंडच्या वाड्यावस्त्यांवरून येणारे माझ्यासारखे पुष्कळ आहेत, आणि त्यांच्याही फोनवर असे फोटो येत असतील. घरचे लोक आपल्या "चालेल" या शब्दावर गोळी तोंडात टाकतात. ते कधी विचारत नाहीत की तू नीट वाचलेस का. परवा आईने असाच फोटो पाठवला. तारखेचा एक आकडा पुसट होता. मी लिहिले, "कळत नाही, पुन्हा काढ." दहा मिनिटांनी फोन आला. पलीकडून अण्णाच बोलत होते, "आरं, तुला कळत न्हाई म्हंजी काय? येवढा शिकलायस ना?"

मी म्हटले, "अण्णा, म्हणूनच."